शतपावलीचं गणित: एकदाच पाऊण तास की जेवणानंतर पंधरा मिनिटं?

सांगलीत लॅब चालवताना मी एक गंमत वर्षानुवर्षं बघत आले. सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन माणूस नाश्त्याला जातो आणि पीपीसाठी, म्हणजे खाल्ल्यानंतरच्या साखरेसाठी, दोन तासांनी परत यायचं असतं. हे दोन तास तो काय करतो? गणपतीला जाऊन येतो, भाजी घेतो, बँकेत पासबुक भरून घेतो. मग पीपी १६० येते आणि गडी खूश. तोच माणूस घरी रात्री जेवून, टीव्हीसमोर बसून, ग्लुकोमीटरवर तपासतो तेव्हा २१५ दिसते आणि फोन येतो, "ताई, तुमचं मशीन बरोबर की माझं?"

मशीन दोन्ही बरोबर असतात. फरक त्या दोन तासांतल्या पायांचा असतो. पुढे मी रुग्णांना सांगायला लागले की पीपीच्या वेळी घरी वागता तसंच वागा, बाहेर बाकावर बसा, नाहीतर रिपोर्ट खोटा चांगला येईल. या अनुभवावरूनच माझ्या मामांचं चालणं आम्ही बदललं. ते कसं, तेच पायरी-पायरीनं लिहिते.

मामांची तक्रार

मामा ६३ वर्षांचे. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. डायबेटीस नऊ वर्षांचा, गोळ्या दोन: मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. रोज सकाळी सहाला कृष्णाकाठी पाऊण तास चालायचे, पावसाळ्यातले चार-सहा दिवस सोडले तर खाडा नाही. तरी गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीए१सी ७.८. "अगं, रोज पाऊण तास चालतोय की मी. आणखी काय पाय मोडून घेऊ का?" हा त्यांचा प्रश्न, आणि प्रश्न रास्त होता.

त्यांचा दिवस मांडून बघितला. सहा ते पावणेसात चालणं, मग नाश्ता, मग दुकानात गादीवर बैठक. दीडला डबा, लोडाला टेकून डुलकी. रात्री साडेआठला दिवसातलं सर्वांत मोठं जेवण, दोन भाकऱ्या, आमटी-भात, भाजी. त्यानंतर बातम्या आणि झोप. म्हणजे साखर चढत असते त्या तिन्ही वेळी माणूस बसलेला किंवा आडवा, आणि चालतो तेव्हा पोट रिकामं.

वेळेनं एवढा फरक का पडतो

भाकरी-भाताची साखर होऊन रक्तात उतरायला पहिल्या घासापासून दहा-पंधरा मिनिटांत सुरुवात होते. डायबेटीस असलेल्या माणसात ती बहुतेकदा तासा-दीड तासानं सर्वांत वर पोचते. ती रक्तातून उचलून घेणारं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू, आणि शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांत आहेत.

बसलेल्या स्नायूचं दार इन्सुलिन उघडतं. टाइप २ डायबेटीसमध्ये नेमकं हेच बिघडलेलं असतं: किल्ली आहे, पण कुलूप गंजलंय. मात्र आकुंचन पावणारा स्नायू ते दार इन्सुलिनशिवाय, आतून उघडतो. म्हणून साखर चढत असतानाच पाय हलले तर चढण ठेंगणी राहते. दार सर्वांत मोकळं असतं ते चालताना आणि चालून झाल्यावर थोडा वेळ. सकाळच्या हलक्या चालण्यानं इन्सुलिनचं काम पुढे काही तास थोडं सोपं होतं, पण रात्री साडेआठच्या भाकरीपर्यंत त्यातलं फारसं उरत नाही.

हे माझं घरगुती मत नाही. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात २०१३ साली साठीपुढच्या दहा जणांवर प्रयोग झाला. त्यांची साखर वाढू लागली होती. एकूण चालणं तेवढंच ठेवलं. एकदा सकाळी सलग ४५ मिनिटं, एकदा दुपारनंतर सलग ४५ मिनिटं आणि एकदा तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं. दिवसभराची साखर सकाळच्या सलग चालण्यानंही सुधारली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण रात्रीच्या जेवणानंतरच्या तीन तासांची साखर जेवणानंतरच्या छोट्या चालण्यानंच चांगली आवरली. दुसरा प्रयोग न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाचा, २०१६ चा, टाइप २ डायबेटीस असलेल्या ४१ जणांवरचा. दिवसातून कधीही ३० मिनिटं चाला आणि प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चाला, या दोन सूचनांची तुलना होती. दुसऱ्या सूचनेनं जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. फक्त रात्रीच्या जेवणाचा विचार केला तर २२ टक्क्यांनी. कारण मामांसारखंच: रात्री पिष्ट जास्त आणि हालचाल कमी.

आपल्याकडे शतपावली होतीच. शब्दशः घेतलं तर मात्र शंभर पावलं म्हणजे एक मिनिट. तेवढ्यानं ढेकर येईल, साखर हलणार नाही. आपल्याला हजार ते दीड हजार पावलं लागतात.

पहिली पायरी: एकच जेवण निवडा

तिन्ही जेवणांचा नियम पहिल्याच दिवशी केला तर आठवड्यात मोडतो. ज्या जेवणात भात-भाकरी-चपाती सर्वांत जास्त आणि ज्यानंतर तुम्ही सर्वांत जास्त बसता, ते जेवण आधी धरा. बहुतेक घरांत ते रात्रीचंच निघतं. दोन आठवड्यांनी दुसरं जोडा.

एक आमचं सांगलीकरांचं खास दुखणं इथेच सांगते. चारच्या चहाबरोबर वाटीभर भडंग हे लोक जेवणात धरतच नाहीत, "हलकं असतं" म्हणतात. हलकं वजनाला. चुरमुरे पोटात झटकन विरघळतात आणि साखर भाताइतकीच किंवा जास्तच उडवतात. भडंग सुटत नसेल तर त्याच्यामागेही दहा मिनिटं लावा, किंवा चुरमुरे निम्मे करून शेंगदाणे वाढवा.

दुसरी पायरी: कधी उठायचं

घड्याळ पहिल्या घासापासून मोजा, हात धुतल्यापासून नव्हे. शेवटचा घास झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पायात चपला असाव्यात, फार तर अर्ध्या तासात. मामा साडेआठला बसायचे, ८.५० ला उठायचे. ताट आवरणं, गोळी, पाणी यात पंधरा मिनिटं जायची. ९.०५ ला बाहेर, ९.२० ला परत. म्हणजे साखर शिखराकडे निघालेली असतानाच चालणं झालं.

"बातम्या संपल्या की जातो" इथेच सगळं फसतं. साडेदहाला निघालात तर तोवर शिखर होऊन गेलेलं असतं. चढलेली साखर थोडी लवकर उतरेल, पण चढली ती चढलीच. मामांनी एका शनिवारी असं केलं आणि तासाभरानंतरचा आकडा बसून राहिलेल्या दिवसासारखाच आला.

जेवणाआधी चाललं तर? भूक लागते, बरं वाटतं, पण पुढे चढणाऱ्या साखरेवर जेवणानंतरच्या चालण्याएवढा परिणाम होत नाही.

तिसरी पायरी: किती वेगानं

मिनिटाला साधारण शंभर पावलं. मनगटावरच्या घड्याळाची गरज नाही. पंधरा सेकंद पावलं मोजा, पंचवीस आली की झालं. सोबतच्याशी गप्पा सहज मारता याव्यात, पण गाणं म्हणायला गेलं तर दम लागावा. यापेक्षा जोरात भरल्या पोटी चालू नका. पोटात कळ येते, जळजळते, आणि दुसऱ्या दिवशी उठायचा कंटाळा येतो. रमतगमत, दर घरासमोर थांबत चालणं मात्र या हिशेबात धरू नका. आमच्या गल्लीत निम्मे लोक तसंच चालतात.

पंधरा मिनिटं आदर्श. दहा मिनिटांनीही फरक दिसतो. आणि ज्यांचे गुडघे एवढंही चालू देत नाहीत त्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासानं उठून तीन-चार मिनिटं घरातच फिरावं. बसून राहण्यापेक्षा तेही बरं.

जागेचं म्हणाल तर रस्ता हवाच असं नाही. चैत्र-वैशाखात सांगलीत दुपारी दोनला बाहेर पडणं शहाणपणाचं नाही, आणि रात्री काही गल्ल्यांत कुत्री अंगावर येतात. मामा दुपारी गोदामाच्या पत्र्याच्या शेडमध्ये हळदीच्या पोत्यांच्या थप्प्यांमधून चालतात. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चाळीस पावलं, अशा तीस-पस्तीस खेपा. उन्हाळ्यात शेड तापते, तेव्हा दुकानाच्या आत. पावसाळ्यात घराचा सोपा आणि मागचा व्हरांडा. घरातल्या वळणांत वेग मरतो, म्हणून तिथे मिनिटांपेक्षा पावलं मोजा.

दुपारच्या वामकुक्षीचं काय, हे मामांनी लगेच विचारलं. आधी चाला, मग पडा. डुलकी पंधरा मिनिटांनी पुढे ढकलली, बंद केली नाही. बंद करा म्हटलं असतं तर त्यांनी चालणंच बंद केलं असतं.

चौथी पायरी: आपल्यावर लागू पडतंय का, हे मोजा

दुसऱ्याच्या टक्क्यांवर विश्वास ठेवण्यापेक्षा सहा रात्री द्या. तीन रात्री जेवून बसायचं, तीन रात्री चालायचं, एकाआड एक. सहाही रात्री जेवण तेच आणि तेवढंच, वेळ तीच, गोळ्या त्याच. बोट दोनदा टोचायचं: पहिल्या घासाआधी आणि पहिल्या घासापासून बरोबर एक तासानं. पट्ट्या असतील तर दोन तासांनीही.

मामांसाठी आम्ही एक गोष्ट मुद्दाम केली. बसायच्या दिवशी त्यांनी सकाळी नेहमीसारखं ४५ मिनिटं चालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळचं बंद, त्याऐवजी नाश्ता, दुपारचं आणि रात्रीचं जेवण यांमागे पंधरा-पंधरा. म्हणजे सहाही दिवस चालणं पाऊणच तास. वहीत आलेले आकडे असे.

सकाळी चालून रात्री बसले त्या दिवशी: जेवणाआधी १३२, तासानं २३६. नंतर १४१ आणि २३८. नंतर १२६ आणि २२५. वाढ १०४, ९७, ९९, सरासरी १००.

जेवणांमागे चालले त्या दिवशी: १२८ आणि १९१. नंतर १३६ आणि २०७. नंतर १३३ आणि १९४. वाढ ६३, ७१, ६१, सरासरी ६५.

तेवढंच चालणं, तेच ताट, आणि चढण पस्तीसनं कमी. वाढ काढायची, नुसता शेवटचा आकडा बघायचा नाही, कारण सुरुवात रोज वेगळी असते.

तीन-तीन रात्री का, एकेक का नाही? घरगुती ग्लुकोमीटरच्या मानकातच साधारण १५ टक्क्यांची सूट आहे. खरी साखर २०० असेल तर मीटर १७० ते २३० मधलं काहीही दाखवू शकतो आणि तरी तो पास. एकाच जोडीत वीसचा फरक आला तर तो चालण्याचा की पट्टीचा, सांगता येत नाही. तीनही जोड्यांत फरक एकाच दिशेला गेला तर विश्वास ठेवा.

लॅबवाली म्हणून दोन चुका सांगते, रोज बघितलेल्या. पहिली हातांची. द्राक्षं, आंबा किंवा गूळ हाताळून बोट न धुता टोचलं तर बोटावरचीच साखर मोजली जाते आणि आकडा तीनशेपार जातो. साबणानं धुवा, पूर्ण कोरडं करा, ओल्या बोटानं थेंब पातळ होतो. दुसरी डबीची. पट्ट्यांची डबी उघडी राहिली की पावसाळी दमट हवेत पट्ट्या बिघडतात आणि मग मीटरला दोष दिला जातो.

दोन तासांचा आकडा बघून गोंधळू नका. चालणं थांबल्यावर पोटात उरलेलं अन्न उतरतच असतं, त्यामुळे एखाद्या रात्री दोन तासांचा आकडा तासाच्या आकड्याएवढाच किंवा किंचित जास्त येतो. चालणं वाया गेलं असं नाही. शिखर ठेंगणं झालं का, एवढं बघा. डायबेटीस असलेल्यांसाठी हे शिखर १८० च्या आत असावं असं सर्वसाधारण उद्दिष्ट असतं. तुमचं उद्दिष्ट वय आणि इतर आजार बघून डॉक्टर वेगळं ठरवू शकतात.

कुठे हे चालत नाही

मटणाच्या रात्री मामांचा तासाचा आकडा छान आला, १७८, आणि ते म्हणाले, "बघ, मटण मानवतं मला." झोपताना परत तपासायला लावलं तर २२९. तेलकट, मांसाहारी जेवण पोटातून सावकाश सरकतं, म्हणून शिखर उशिरा येतं. अशा रात्री एकदा चालून भागत नाही. पंधरा मिनिटांनंतर तासाभरानं आणखी दहा मिनिटं टाका. आणि श्रीखंड-पुरी किंवा लग्नातल्या जिलबीला पंधरा मिनिटं पुरत नाहीत. मामा एकदा लग्नातून पायी घरी आले, चांगले पंचवीस मिनिटं, तरी २६० होती. चालण्यानं चढणीचा एक हिस्सा कापला जातो. ताटच तिप्पट असेल तर उरलेला हिस्साही मोठाच राहणार.

सकाळची उपाशीपोटीची साखर यानं फारशी हलत नाही. मामांची १३० च्या आसपास होती, तीन महिन्यांनी १२५ च्या आसपास. ती रात्रभर यकृतातून सुटणाऱ्या साखरेवर जास्त अवलंबून असते. त्यामुळे फक्त फास्टिंग तपासणाऱ्याला वाटतं काहीच झालं नाही. एचबीए१सी मात्र ७.८ वरून ७.३ वर आला. त्यात सगळं श्रेय चालण्याचं नाही, भडंगही निम्मं झालं होतं.

गोळ्यांची बाब नीट वाचा

दुसऱ्या आठवड्यात उत्साहाच्या भरात मामांनी सकाळचा पाऊण तासही परत सुरू केला आणि जेवणांमागचं चालणंही ठेवलं. एके दिवशी सकाळची ग्लिमेपिराइड घेतली, नाश्ता घाईत अर्धाच केला, त्यामागे चालले आणि अकराच्या सुमारास सौदे चालू असताना हात थरथरायला लागले, घाम फुटला. मीटरवर ६६. दुकानातल्या पोरानं तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली. पंधरा मिनिटांनी ९२, मग डब्यातली भाकरी खाल्ली.

७० च्या खाली गेलेली साखर ही चढलेल्या साखरेपेक्षा तातडीची गोष्ट आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका असतो. एकट्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना फार कमी. पहिल्या गटातल्यांनी चालणं वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगावं, पहिले दोन आठवडे चालण्याआधी साखर बघावी, १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खावं, आणि खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात. पेढा ठेवू नका. त्यातल्या खव्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मामांच्या डॉक्टरांनी वही बघून ग्लिमेपिराइडचा डोस निम्मा केला. तो आपला आपण कमी करायचा नाही.

भरल्या पोटी चालताना छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ आली तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. जेवल्यावर रक्ताचा ओघ पोटाकडे वळलेला असतो, अशा वेळी लपलेला हृदयविकार चालताना डोकं वर काढतो. म्हाताऱ्या माणसांना जेवणानंतर रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. त्यांनी उठल्यावर दोन मिनिटं धरून उभं राहावं, मग घरातच, कुणाच्या तरी सोबतीनं चालावं. तळपायांना बधिरपणा असेल तर अनवाणी शतपावली बंद. हिरवळीवर अनवाणी चालायचा सल्ला सगळे देतात, पण खडा टोचलेला कळतच नाही आणि चार दिवसांनी पायमोजा ओला लागतो तेव्हा जखम दिसते. घरातसुद्धा मागे पट्टा असलेली, मऊ तळाची चप्पल घाला आणि रात्री झोपताना तळपाय बघा.

मग सकाळच्या चालण्याचं काय करायचं

सोडू नका, एवढंच म्हणेन. दम, वजन, रक्तदाब यांना सलग चालण्याचा फायदा आहेच, आणि नदीकाठची मंडळी भेटतात त्याची किंमत मीटरवर दिसत नाही. पण दिवसात एकूण वेळच पाऊण तास असेल आणि दुखणं जेवणानंतरच्या साखरेचं असेल, तर तो पाऊण तास तीन तुकड्यांत जेवणांमागे लावा. मामांनी मधला मार्ग काढलाय: सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी कृष्णाकाठ, आणि रात्रीची पंधरा मिनिटं सातही दिवस. सकाळच्या दिवशी नाश्त्यामागचं चालणं ते गाळतात, म्हणजे अकराला पुन्हा घाम फुटायला नको.

आता रात्री ९.०५ ला मामी आधी चपला घालून दारात उभ्या असतात. त्यांची साखर नॉर्मल आहे, पण त्यांना गल्लीच्या टोकापर्यंतच्या बातम्या हव्या असतात, आणि त्या टीव्हीवर येत नाहीत.